मुलांच्या घरकामाचा तक्ता: आठवण किती वेळा करायची, बक्षीस कधी द्यायचं?

फ्रिजवर लावलेला कामांचा तक्ता बऱ्याच घरांत पहिले काही दिवस उत्साहाने भरला जातो आणि मग तसाच लटकत राहतो. कामं जास्त असणं, आठवण सतत करणं आणि बक्षीस फार लांब असणं, ही त्याची नेहमीची कारणं.

तक्ता कसा आखायचा?

समजा, मूल सात वर्षांचं आहे. त्याच्यासाठी तीनच कामं निवडावीत: सकाळी अंथरुणाची घडी, शाळेतून आल्यावर डबा सिंकमध्ये ठेवणं आणि रात्री दप्तर भरणं. 'नीट वागणं' हे काम तक्त्यात नको, कारण ते झालं की नाही यावर रोज वाद होतो. 'डबा सिंकमध्ये' हे मात्र डोळ्यांना दिसतं.

सोमवार ते शुक्रवार तीन कामं म्हणजे 15 चौकोन. पहिल्या आठवड्याचं लक्ष्य 10 टिकांचं ठेवावं, दुसऱ्या आठवड्यात 12. लक्ष्य 15 ठेवलं, तर सोमवारी एक काम चुकताच बक्षीस हातातून जातं आणि उरलेले दिवस मूल तक्त्याकडे बघतही नाही.

आठवण एकदाच

प्रत्येक कामासाठी एकच आठवण ठरवावी. दप्तरासाठी रात्री आठचा मोबाइलचा अलार्म पुरेसा आहे. डब्यासाठी घड्याळापेक्षा 'बूट काढले की डबा' अशी जोड सोपी पडते. आई-बाबा चार वेळा ओरडले, तर मूल चौथ्या हाकेची वाट बघायला शिकतं. एका आठवणीनंतर काम झालं नाही, तर चौकोन रिकामा ठेवावा. मिळालेली टीक मात्र शिक्षा म्हणून खोडू नये. टीक मुलानेच, काम झाल्या झाल्या करावी.

बक्षीस आणि त्याची मर्यादा

शनिवारी टिका मोजाव्यात. लक्ष्य गाठलं, तर रविवारचा नाश्ता मुलाने निवडावा किंवा बाबांसोबत कॅरमचा एक डाव जास्त खेळावा.

1973 मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा नर्सरीतल्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रं काढायला आवडणाऱ्या काही मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं होतं. नंतर मोकळ्या वेळेत हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढताना दिसली. म्हणून मूल आवडीने झाडांना पाणी घालत असेल, तर ते काम तक्त्यात घेऊ नये. तक्ता कंटाळवाण्या कामांसाठी आहे.

बिघडतंय हे कसं ओळखायचं?

एकाच कामाची ओळ सतत रिकामी राहिली, तर काम मोठं आहे किंवा वेळ चुकली आहे. पाणी आणून दे म्हटल्यावर मूल 'किती टिका मिळतील?' विचारू लागलं, तर बक्षिसाचं वजन जास्त झालं आहे. एखादं काम सलग दोन आठवडे अलार्मशिवाय झालं, तर ते तक्त्यातून काढून टाकावं. त्याची आता सवय झाली आहे.