अझाइड-अल्काइन संयोग (क्लिक रसायन)

अझाइड गटातील तीन नायट्रोजन आणि अल्काइनच्या तिहेरी बंधातील दोन कार्बन मिळून पाच अणूंचे कडे तयार होते, त्याला ट्रायझोल म्हणतात. जर्मन रसायनज्ञ रॉल्फ हुइसगेन यांनी 1960च्या दशकात अशा अभिक्रियांचा सखोल अभ्यास केला. पण केवळ उष्णतेने घडवलेली ही अभिक्रिया संथ असते, शिवाय 1,4 आणि 1,5 अशा दोन समघटकांचे मिश्रण हाती येते.

2002 मध्ये डेन्मार्कचे मॉर्टन मेल्डल आणि अमेरिकेचे बॅरी शार्पलेस यांच्या गटांना स्वतंत्रपणे तोडगा सापडला: एकसंयुजी तांबे. मेल्डल तर भलतीच अभिक्रिया करायला निघाले होते!

उदाहरणार्थ, बेंझिल अझाइड आणि फेनिलअ‍ॅसिटिलीन पाणी व टर्शरी-ब्यूटॅनॉलच्या मिश्रणात घेऊन त्यात किंचित मोरचूद आणि सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट घालतात. अ‍ॅस्कॉर्बेट द्विसंयुजी तांब्याचे एकसंयुजी तांबे करते. खोलीच्या तापमानालाच फक्त 1,4-ट्रायझोलचा पांढरा साका खाली बसतो, तो गाळून घ्यायचा. अवरक्त वर्णपटातील 2100 सेंमी⁻¹ जवळची अझाइडची रेघ नाहीशी झाली की काम झाले. हवेने तांबे पुन्हा द्विसंयुजी झाले, तर अभिक्रिया अडते.

इतर गटांना न छेडता दोन तुकडे टिचबटणासारखे खटकन जुळतात, म्हणून ‘क्लिक’. हे नाव शार्पलेस, कोल्ब आणि फिन यांच्या 2001च्या लेखाने रूढ केले.

तांबे जिवंत पेशींना मात्र विषारी. म्हणून कॅरोलिन बर्टोझी यांनी ताणलेल्या कड्यातील अल्काइन वापरले, त्याला तांबे लागत नाही. मेल्डल, शार्पलेस आणि बर्टोझी यांना 2022चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.