काल्पनिक संख्येतून निघालेले खरे उत्तर

अकरावीच्या वर्गात गुरुजी फळ्यावर √−१ लिहितात, तेव्हा तुमच्या मनात एक शंका येतेच. कोणत्याही संख्येचा वर्ग केला तरी तो ऋण येत नाही. मग −१ चे वर्गमूळ आणायचे कोठून? आणि जे मुळात नाहीच, त्याला ‘काल्पनिक’ असे नाव देऊन त्याचे गणित कशाला करायचे? ही शंका वेडगळ नाही, बरे का. आपल्या भास्कराचार्यांनीही बाराव्या शतकात हेच सांगून ठेवले आहे, की ऋण संख्या ही कशाचाच वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही.

क्ष² + १ = ० हे समीकरण घ्या. याला उत्तर नाही असे म्हणून वही मिटली, तर कोणाचे काहीच बिघडत नाही. पुष्कळांची समजूत अशी असते, की या समीकरणाला उत्तर हवे म्हणून काल्पनिक संख्या निर्माण केल्या. इतिहास मात्र निराळे सांगतो. ज्या समीकरणाला धडधडीत खरे उत्तर होते, त्यानेच गणित्यांना या वाटेवर ढकलले.

सोळाव्या शतकात इटलीमध्ये घनसमीकरणे सोडवण्याची रीत सापडली. कार्दानो याने ती १५४५ साली ‘आर्स मॅग्ना’ या ग्रंथात प्रसिद्ध केली. क्ष³ = ६क्ष + ९ या उदाहरणावर ती चालवून पाहू. क्षच्या गुणकाचा, म्हणजे ६ चा, तिसरा हिस्सा २. सुट्या ९ चा निम्मा ४·५. आता ४·५ च्या वर्गातून २ चा घन वजा करा: २०·२५ − ८ = १२·२५. याचे वर्गमूळ ३·५. ते ४·५ मध्ये एकदा मिळवले की ८, एकदा वजा केले की १. या दोघांची घनमूळे २ आणि १. त्यांची बेरीज ३. ताळा पाहा: २७ = १८ + ९. रीत पक्की आहे.

आता हीच रीत क्ष³ = १५क्ष + ४ याला लावा. १५ चा तिसरा हिस्सा ५, चारचा निम्मा २. दोनच्या वर्गातून पाचाचा घन वजा करायचा: ४ − १२५ = −१२१. झाले! वर्गमूळ काढायचे ते ऋण संख्येचे. येथे ‘उत्तर नाही’ म्हणून सुटका करून घ्यावी, तर तीही सोय नाही. कारण ४ हे उत्तर समोर उभे आहे. चारचा घन ६४, आणि ६० + ४ म्हणजेही ६४. उत्तर आहे, रीतही खरी आहे, आणि तरी वाट मध्येच तुटली आहे.

ही तुटलेली वाट राफाएल बोंबेल्ली याने जोडली. हा व्यवसायाने इंजिनिअर. दलदलीच्या जमिनी कोरड्या करण्याच्या कामावर असे. १५७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बीजगणितात त्याने √−१ म्हणजे काय याचा वाद न घालता, तिच्याशी व्यवहार कसा करायचा एवढेच ठरवले. तिला तिनेच गुणले की −१ यावे, बाकी नियम नेहमीचेच. येथे विद्यार्थी हमखास चुकतात. √−१ × √−१ म्हणजे √१, म्हणून उत्तर १, असे ते लिहून टाकतात. दोन वर्गमुळांचा गुणाकार एकाच चिन्हाखाली नेण्याचा नियम ऋण संख्यांना लागू नाही, हे ध्यानात ठेवा.

√−१२१ म्हणजे ११√−१. तेव्हा २ + ११√−१ याचे घनमूळ हवे. बोंबेल्लीने २ + √−१ ही संख्या घेतली. तिचा वर्ग ४ + ४√−१ − १, म्हणजे ३ + ४√−१. त्यास पुन्हा २ + √−१ ने गुणा: ६ + ३√−१ + ८√−१ − ४. बेरीज आली २ + ११√−१, अगदी हवी तीच! त्याचप्रमाणे दुसरे घनमूळ २ − √−१. दोन्हींची बेरीज करताना काल्पनिक भाग एकमेकांस खाऊन टाकतात आणि हाती उरतात ४.

तुम्ही म्हणाल, उत्तर ठाऊक होते म्हणून घनमूळ सुचले. आक्षेप रास्त आहे. या रीतीने ४ शोधला असे नव्हे. पण काल्पनिक संख्या घेऊन चाललेली वाट खऱ्या उत्तरापाशीच पोचते, एवढे मात्र सिद्ध झाले.

मग ही वळणाची वाट टाळता येईल काय? १८४३ साली वांत्झेल या फ्रेंच गणित्याने याचा निकाल लावला. पूर्णांकी गुणकांच्या घनसमीकरणाची तिन्ही उत्तरे वास्तव असतील, पण त्यांपैकी एकही पूर्णांक वा अपूर्णांक नसेल, तर केवळ वास्तव संख्यांची मुळे घेऊन ती उत्तरे लिहिताच येत नाहीत. क्ष³ = ३क्ष + १ हे तसले समीकरण आहे. त्याचे एक उत्तर सुमारे १·८८. चांगले मोजपट्टीवर दाखवता येण्यासारखे. वही काढा आणि त्याला वरची रीत लावून पाहा: चौथ्या भागातून एक वजा करावा लागेल, आणि √−१ पुन्हा तुमच्यापुढे येईल.