क्षयाच्या कार्डावर साखर कशी आली

वर्धा जिल्ह्यात आज क्षयाच्या रुग्णाची नोंद होते तेव्हा बेडक्याच्या निकालासोबत त्याची साखरही तपासायची असते. क्षय आणि मधुमेह यांची जोडी वैद्यांना पूर्वीपासून दिसत होती, पण साखरेचा रकाना मात्र अलीकडचा. मधल्या काळात दोन्ही आजार वेगवेगळ्या टेबलांवर बसले होते.

चरकसंहितेच्या निदानस्थानात चौथा अध्याय प्रमेहाचा आणि सहावा शोषाचा आहे. अकराव्या शतकात इब्न सीना यांनी मधुमेह्यांना क्षय जडतो अशी नोंद केली. इन्सुलिन 1922 मध्ये माणसाला प्रथम टोचले गेले. त्याआधी मधुमेह झालेली माणसे बेशुद्धीत जात किंवा क्षयाने खंगून जात. पुढे 1934 मध्ये बोस्टनच्या हॉवर्ड रूट यांनी अशा रुग्णांचा अभ्यास मांडला, आणि 1952 मध्ये फिलाडेल्फियातल्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. तिथे तीन हजारांवर मधुमेह्यांच्या छातीचे एक्स-रे काढले होते. त्यांच्यात क्षयाच्या खुणा 8.4 टक्क्यांत सापडल्या, तर कारखान्यांतल्या इतर कामगारांत 4.3 टक्क्यांत.

एवढे कळूनही दोन्ही खाती वेगळीच राहिली. आपल्याकडचा सुधारित क्षयरोग कार्यक्रम 1997 पासून राबवला जाऊ लागला आणि त्याचा सारा जोर बेडक्यावर होता. आरोग्य कर्मचाऱ्याच्या समोर आठवड्यातून तीनदा गोळ्या घ्यायच्या आणि ठरावीक महिन्यांनी बेडका द्यायचा, असा तो क्रम. साखर हा ‘जनरल ओपीडी’चा विषय. ती तपासायची तर तालुक्याच्या जागी परीक्षानळी आणि बेनेडिक्टचे निळे द्रावण असे. पाच मिलिलिटर द्रावणात आठ थेंब लघवी टाकून उकळायची आणि रंग हिरवा, पिवळा, नारिंगी की विटकरी होतो ते पाहायचे. या तपासणीत मोठी खोट अशी की रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. उपाशीपोटी 150 असलेला रुग्ण निळ्याचा निळाच राहायचा आणि ‘शुगर नाही’ म्हणून घरी जायचा.

जगभरचे अभ्यास एकत्र करून 2008 मध्ये दाखवले गेले की मधुमेह्याला क्षय होण्याची शक्यता सुमारे तिप्पट असते. भारतात 2012 मध्ये अनेक रुग्णालयांत क्षयरुग्णांची साखर तपासली गेली. आठ हजारांवर रुग्णांत 13 टक्के मधुमेही निघाले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आपल्याला मधुमेह आहे हेच माहीत नव्हते. मग 2017 मध्ये दोन्ही कार्यक्रमांचा एकत्र आराखडा आला आणि रकाना कार्डावर आला. त्याच सुमारास गोळ्याही रोजच्या झाल्या.

वर्ध्यात या जोडीला पाया कुठून मिळतो, ते सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या एका अभ्यासातून कळते. तिथल्या 726 आरोग्य कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि 2005 मध्ये निष्कर्ष छापून आले. त्वचेच्या किंवा रक्ताच्या चाचणीत निम्म्या कर्मचाऱ्यांच्या अंगात क्षयाचा जंतू शिरल्याची खूण मिळाली. ही माणसे आजारी नव्हती. त्यांच्या पेशींनी जंतूला कोंडून ठेवले होते. रक्तात साखर सतत जास्त राहिली की या पेशी संथावतात आणि कोंडलेला जंतू वाढायला मोकळा होतो. रुग्णालयाबाहेर हे प्रमाण कमी असेल, पण प्रक्रिया तीच.

आता समजा, देवळी तालुक्यातला बावन्न वर्षांचा एक शेतकरी आहे. वजन 48 किलो, सहा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. दोन महिन्यांत वजन उतरले, थकवा आला. घरचे म्हणाले, शुगर वाढली असेल. पहिली फसगत इथे होते, कारण अशक्तपणा आणि वजन घटणे ही दोन्ही आजारांची लक्षणे आहेत. दुसरी फसगत एक्स-रेवर होते. क्षयाचा डाग सहसा फुफ्फुसाच्या वरच्या भागात शोधतात, पण मधुमेह्यात तो खालच्या भागात किंवा दोन्ही बाजूंना पोकळीसह दिसू शकतो. पावसाळ्यात असा डाग पाहून न्यूमोनिया समजला जातो आणि अँटिबायोटिकचा एक कोर्स वाया जातो. म्हणून मधुमेह्याचा खोकला दोन आठवड्यांवर गेला की बेडका तपासायला पाठवायचाच.

याचा बेडका पॉझिटिव्ह आला. वजनाच्या हिशोबाने रोज तीन गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. त्यांतले रिफाम्पिसिन यकृतातली औषधे मोडणारी विकरे वाढवते. एक-दोन आठवड्यांत ग्लिमेपिराइड रक्तातून लवकर उतरू लागते आणि साखर चढते. तिसऱ्या आठवड्यात उपाशीपोटी 160 ची 230 झाली तर रुग्णाला वाटते, आपण भात जास्त खाल्ला. प्रत्यक्षात त्याची गोळीच लंगडी पडलेली असते. मेटफॉर्मिन या विकरांवर अवलंबून नसल्याने ते चालू ठेवता येते. साखर फारच चढलेली असेल तर डॉक्टर या काळापुरते इन्सुलिन देतात. आयसोनियाझिडमुळे आणि मधुमेहामुळे, दोन्हींमुळे पायांना मुंग्या येऊ शकतात, म्हणून सोबत पायरिडॉक्सिन लागते.

मापन करतानाही जपून. उपचाराच्या सुरुवातीची साखर शरीरावरच्या ताणानेच वाढलेली असू शकते. नव्याने 126 किंवा जास्त निघालेल्या रुग्णाची साखर क्षय बरा होऊ लागल्यावर पुन्हा पाहिल्याशिवाय जन्मभराचा शिक्का मारू नये. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए1सी सोयीची खरी, पण क्षयात रक्त कमी असते आणि विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. लाल पेशी लवकर मरतात तिथे हा आकडा खोटा कमी येतो, तर लोहाच्या कमतरतेत तो खोटा जास्त येतो. अशा रुग्णात उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर यांवरच भिस्त ठेवावी लागते.

दोन महिन्यांनी बेडका पुन्हा तपासतात. मधुमेह्यात तो तेव्हाही पॉझिटिव्ह राहण्याची शक्यता जास्त असते, कारण सुरुवातीलाच जंतूंचा साठा मोठा असतो. इथे सीबीनॅट करून उपयोग नाही, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनएही ते यंत्र पकडते. सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि कल्चर लागते, आणि औषधाला जंतू दाद देतो का, हेही पाहावे लागते. साखर आटोक्यात नसणे हे बेडका साफ न होण्याचे एकमेव कारण समजून बसले तर औषधांना न जुमानणारा क्षय हातातून निसटतो. उपचाराची ठरलेली मुदत मधुमेह्यालाही सहा महिन्यांचीच. ती वाढवायची की नाही हे त्या रुग्णाकडे पाहून ठरते.

सगळ्यात दुर्लक्षित वळण मात्र कोर्स संपल्यावरचे. सहाव्या महिन्याच्या शेवटी रिफाम्पिसिन थांबते. दोनेक आठवड्यांत विकरे पूर्वपदावर येतात, पण मधल्या काळात दुप्पट केलेले ग्लिमेपिराइड तसेच चालू असते. शिवाय क्षयाचा ताणही ओसरलेला असतो. मग सकाळी निंदणीला गेलेला माणूस घामाघूम होऊन हात थरथरत बांधावर बसतो आणि घरच्यांना वाटते, जुना आजार उलटला. म्हणून कार्डावर ‘उपचार पूर्ण’ असा शिक्का पडताना मधुमेहाच्या गोळीचा डोसही तपासला पाहिजे. डोस कमी करून, पहिल्या पंधरवड्यातच साखर पुन्हा मोजायला बोलावले पाहिजे. बेडक्यासाठी दोन वर्षे दर सहा महिन्यांनी बोलावण्याची रीत कार्यक्रमात आहेच. साखरेचा रकाना त्याच भेटींत भरत राहायला वेगळी वही लागत नाही.