‘तुमची एखादी कामगिरी सांगा’: मुलाखतीतील उत्तर चार भागांत कसे बांधतात?

नोकरीच्या मुलाखतीत ‘तुम्ही केलेले एखादे चांगले काम सांगा’ असे विचारले की बहुतेक उमेदवार आपले गुण सांगू लागतात: मी मेहनती आहे, जबाबदारी घेतो, सगळ्यांना सांभाळून घेतो. मुलाखत घेणाऱ्याला मात्र घडलेला एक प्रसंग हवा असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये मांडलेल्या पद्धतीत, कामातले यश-अपयश ज्यावर ठरले असे नेमके प्रसंग गोळा करण्यावर भर होता. आजच्या मुलाखतींतले असे प्रश्न त्याच विचाराच्या जवळचे आहेत. उत्तराचे भाग चार: परिस्थिती, कृती, परिणाम आणि एक धडा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सोलापूर जिल्ह्यातील वेळापूरचा एक तरुण गावाकडच्या दूध संकलन केंद्रावर दोन वर्षे काम करून पुण्यातल्या दूध कंपनीत पर्यवेक्षकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेला आहे. त्याचे पहिले उत्तर असे: ‘आमच्या केंद्रावर उन्हाळ्यात दूध नासायचे. मग आम्ही सगळ्यांनी मिळून नियोजन केले आणि बराच फरक पडला.’ यात खोटे काही नाही. पण त्याने स्वतः काय केले, हे कळत नाही.

मराठीत ही अडचण जरा जास्तच येते. स्वतःबद्दल बोलताना ‘मी’ म्हणणे फुशारकीचे वाटते, म्हणून ‘आम्ही केले’ किंवा ‘केले गेले’ अशी वाक्ये तोंडात बसलेली असतात. घरात हा विनय शोभतो; मुलाखतीत मात्र तो नेमकी हवी असलेली माहिती झाकतो. उपाय सोपा आहे: जे इतरांनी केले ते त्यांच्या नावावर ठेवायचे आणि आपल्या कृतीला ‘मी’ लावायचे.

आता तेच उत्तर नीट बांधून पाहू. परिस्थिती दोन-तीन वाक्यांत: ‘एप्रिलमध्ये आमच्या केंद्राचे 11 कॅन आंबट निघाल्याने शीतकरण केंद्रावरून परत आले. सकाळच्या टेम्पोची आणि नोंदवहीची जबाबदारी माझी होती.’ केंद्राचा इतिहास, सभासद किती, हे इथे नको.

सर्वांत जास्त वेळ कृतीला द्यावा. ‘आधी मला वाटले, शेतकरी रात्रीचे दूध सकाळच्या दुधात मिसळतात. पण आठ दिवस मी प्रत्येक कॅन कुठून आणि किती वाजता चढला, हे लिहिले. परत आलेले बहुतेक कॅन लांबच्या दोन वस्त्यांचे होते. ते सर्वांत आधी भरले जायचे आणि मधल्या थांब्यावर उशिरा येणाऱ्यांसाठी टेम्पो चाळीस मिनिटे उन्हात उभा राहायचा. मी त्या थांब्याची वेळ ठरवून दिली. उशीर झाला तर दूध स्वतः केंद्रावर आणायचे. कॅनवर ओले गोणपाटही टाकायला लावले. दोघांनी रागावून काही दिवस दूध दुसरीकडे घातले. मी त्यांच्या घरी जाऊन नोंदवही दाखवली.’

हे ऐकताना निर्णय कसा झाला ते दिसते. सुरुवातीचा चुकीचा अंदाज सांगितल्याने उत्तर उलट भरवशाचे वाटते.

परिणाम मोजता येईल असा हवा आणि तुलना बरोबरीची हवी. ‘मेमध्ये 3 कॅन परत आले’ एवढे पुरेसे नाही. दूधच कमी आले असेल तर? म्हणून ‘दूध साधारण तेवढेच होते आणि ऊन एप्रिलपेक्षा कमी नव्हते’ हेही जोडावे. आकडा आठवत नसेल तर तो बनवू नये. ‘आठवड्यात दोन-तीन वेळा व्हायचे ते महिन्यात एखाद-दोनदा झाले’ असे खरे वाक्य चालते.

धडा मात्र एकच, आणि त्याच प्रसंगातून निघालेला. ‘एकजुटीचे महत्त्व कळले’ हे कुठल्याही गोष्टीला चिकटते. या तरुणाचा खरा धडा वेगळा आहे: ‘थांब्याची वेळ आणि गोणपाट हे दोन्ही बदल मी एकाच दिवशी केले. त्यामुळे कशाने किती फरक पडला, हे मला सांगता येत नाही. आता मी एका वेळी एकच बदल करून पाहीन.’ पर्यवेक्षकाच्या कामाशी याचा थेट संबंध आहे.

हे सगळे सुमारे दोन मिनिटांत बसते. त्यातले निम्म्याहून जास्त कृतीला, धड्याला दहा-पंधरा सेकंद. घरी घड्याळ लावून बोलून पाहिले की परिस्थितीच मिनिटभर रेंगाळते, असे बहुधा आढळते. कात्री तिथेच लावावी. पाठांतर मात्र करू नये, कारण मध्येच प्रश्न आला की पाठ केलेले वाक्य तुटते. कागदावर प्रत्येक भागाचे चार-पाच शब्द पुरतात.

खरी पारख नंतरच्या प्रश्नांत होते. ‘वेळ ठरवायला मालकांची परवानगी घेतली का?’, ‘टेम्पोचालक काय म्हणाला?’ ज्याने काम केले त्याला ही उत्तरे आठवावी लागत नाहीत. दुसऱ्याची गोष्ट आपली म्हणून सांगणारा इथेच पुन्हा ‘आम्ही’वर येतो.