भाग : शेवटचा राउटर आणि `.255` — स्मर्फ हल्ल्याची गोष्ट

मागच्या आठवड्यात मी घरच्या नेटवर्कवर एक जुना प्रयोग करून बघितला. लिनक्सवर ही कमांड दिली :

```
ping -b 192.168.1.255
```

हा ब्रॉडकास्ट पत्ता, म्हणजे एक पिंग घरातल्या सगळ्या उपकरणांना जातो. उत्तर आलं फक्त प्रिंटरचं. लॅपटॉप, फोन, सगळे गप्प. १९९७ साली हाच प्रयोग एखाद्या ऑफिसात केला असता तर बऱ्याच मशिन्सनी ‘हजर’ म्हटलं असतं. ही सगळी मंडळी गप्प का झाली, ती आजची गोष्ट.

आधी पत्त्यांचं बघू. `198.51.100.0/24` हे एक नेटवर्क धरा. त्यातला शेवटचा पत्ता, `198.51.100.255`, हा कुणा एकाचा नसतो, तो सगळ्यांचा असतो. तोच पत्ता बाहेरच्या नेटवर्कवरून वापरला की त्याला म्हणायचं डायरेक्टेड ब्रॉडकास्ट. १९८४ साली जेफ्री मोगल यांनी आरएफसी ९१९ मध्ये ही सोय लिहून ठेवली. दूरच्या नेटवर्कवर एखादी सेवा कोणत्या मशीनकडे आहे हे माहीत नसेल, तर सगळ्यांनाच विचारायचं, असा सरळ हेतू.

आता खरी गोम ऐका. वाटेतल्या राउटरना हा पत्ता ब्रॉडकास्ट आहे हे कळतच नाही! त्या नेटवर्कचे तुकडे कसे पाडलेत हे त्यांना ठाऊक नसतं, त्यामुळे `.255` त्यांच्या दृष्टीने साधा पत्ता. ओळखू शकतो तो फक्त दारातला शेवटचा राउटर. आणि १९९५ च्या आरएफसी १८१२ ने त्या राउटरला सांगितलं होतं, की बंद करायची सोय ठेवा, पण मुळात हे चालूच असू द्या.

१९९७ मध्ये `smurf.c` नावाचा छोटा प्रोग्राम फिरू लागला. त्याने एवढंच केलं, की पिंगवर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा टाकला. धरा, हल्लेखोराकडे २८.८ केबीपीएसचा मोडेम आहे. तो `198.51.100.255` ला पिंग पाठवतो, पण पाठवणारा म्हणून `203.0.113.9` लिहितो. शेवटचा राउटर ते पॅकेट सगळ्यांना वाटतो. आत १०० मशिन्स असतील तर १०० उत्तरं निघतात, आणि सगळी जातात `203.0.113.9` कडे. २८.८ गुणिले १००, म्हणजे जवळपास २.९ एमबीपीएस. त्या काळी कंपन्या वापरत ती टी-१ लाइन होती १.५४४ एमबीपीएसची. म्हणजे घरगुती मोडेमने आख्खी लाइन तुंबवली, वर जवळजवळ तेवढंच उरलं.

बळी पडलेल्याला काय दिसायचं? आपण कधी न विचारलेल्या पिंगची उत्तरं, एकाच नेटवर्कमधल्या खऱ्याखुऱ्या पत्त्यांवरून. स्वतःच्या राउटरवर ती अडवून उपयोग नाही, कारण तिथे पोचेपर्यंत लाइन भरलेली असते. वरच्या सेवादात्यालाच फोन लावावा लागे. आणि मधलं नेटवर्क? त्याचीही बाहेर जाणारी लाइन तुंबायची. कुणाचं काही वाकडं न करता ते हल्ल्याचं हत्यार बनलेलं असायचं.

मग कुणी विचारेल, मल्टिकास्टही एकाचं अनेकांना जातं, तिथे असं का नाही झालं? फरक दोन. मल्टिकास्टचे पत्ते `224` ते `239` ने सुरू होतात आणि ज्याने त्या गटात नाव घातलंय त्यालाच पॅकेट मिळतं. दुसरं म्हणजे, मल्टिकास्ट पुढे ढकलणारा राउटर पाठवणाऱ्याचा पत्ताही तपासतो : हे पॅकेट त्या पत्त्याच्या दिशेनेच आलंय ना? नसेल तर टाकून देतो. खोटा पत्ता सहसा तिथेच गळतो. डायरेक्टेड ब्रॉडकास्टमध्ये पाठवणाऱ्याकडे कुणी बघतच नव्हतं.

जानेवारी १९९८ मध्ये सर्टने स्मर्फबद्दल इशारा काढला. सिस्को राउटरवर उपाय म्हणजे प्रत्येक इंटरफेसवर एकच ओळ :

```
no ip directed-broadcast
```

पण ओळ लिहायची कुणी? ज्याच्या राउटरमुळे हल्ला व्हायचा, त्याचं दुखणं बहुतेकदा थोडं, आणि दुसऱ्याचं मोठं. म्हणून ऑगस्ट १९९९ मध्ये डॅनियल सेनी यांच्या आरएफसी २६४४ ने नियमच उलटा केला : मुळात बंद ठेवा, हवं त्याने चालू करावं. लिनक्सनेही पुढे ब्रॉडकास्ट पिंगला उत्तर न देणं हेच मूळ सेटिंग केलं. आयपीव्ही६ मध्ये तर ब्रॉडकास्ट पत्ताच ठेवला नाही.

खोटा पत्ता टाकणं मात्र यातून थांबलं नाही. ते अडवायचं तर जिथून पॅकेट निघतं तिथल्या सेवादात्याने अडवायला हवं, आणि डीएनएससारख्या सेवांमधून हीच युक्ती पुढे चालू राहिली. शेवटच्या राउटरचं दार लागलं, पहिल्याचं राहिलं. त्याबद्दल पुढच्या भागात. तोवर घरी `ping -b` करून बघा, आणि कोण उत्तर देतंय ते मला नक्की कळवा!