मोडका थर्मामीटर आणि न विचारलेला प्रश्न

रंगमंचावर दोन माणसं. त्याला तिला लग्नाचं विचारायचंय. ती त्याच्या विचारण्याची दोन वर्षं वाट बघतेय. खोलीत तिसरं कुणी नाही आणि हाताशी जेमतेम पाच मिनिटं आहेत. एवढ्यात ते दोघं काय बोलतात? सामान कुठं ठेवलं, कोण कुठं जाणार, यंदा थंडी किती आहे आणि घरातला थर्मामीटर मोडलाय. मग बाहेरून त्याला कुणीतरी हाक मारतं आणि तो जातो. संपलं.

अंतोन चेखव यांच्या ‘द चेरी ऑर्चर्ड’च्या चौथ्या अंकातला हा प्रसंग. १७ जानेवारी १९०४ला, तेव्हाच्या रशियन कॅलेंडरनुसार चेखवच्या चव्वेचाळिसाव्या वाढदिवशी, मॉस्को आर्ट थिएटरनं हे नाटक पहिल्यांदा केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये चेखव गेला. आज शॉर्टफिल्मसाठी दोन माणसांचा सीन लिहायला बसणाऱ्या कुणालाही या पानभर संवादातून जेवढं शिकता येतं, तेवढं क्वचितच दुसरीकडे मिळेल. कारण यात जे हवंय ते कुणीच बोलत नाही, आणि तरी प्रेक्षकाला सगळं कळतं. हे नेमकं कसं घडतं, ते उलगडून बघू.

आधी माणसं. लोपाखिन हा व्यापारी. त्याचे बापजादे याच जमीनदारांच्या घरी भूदास होते. आता पैसा त्याच्याकडे आहे आणि कर्जात बुडालेली ही इस्टेट लिलावात त्यानंच विकत घेतलीय. वार्या ही मालकिणीची मानलेली मुलगी. घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. लोपाखिननं इस्टेट घेतल्याचं सांगितलं, तेव्हा तिनं त्या किल्ल्या त्याच्यासमोर जमिनीवर फेकल्या होत्या. या दोघांचं लग्न होणार, असं घरातले सगळे दोन वर्षं धरून चाललेत. विचारलेलं मात्र कुणी कुणाला नाही.

चौथ्या अंकात घर रिकामं होतंय. गाडीची वेळ झालीय. मालकीण रानेव्हस्काया लोपाखिनला सरळ सांगते, वार्याशी लग्न कर. तो म्हणतो, हो, मी तयार आहे, आत्ताच उरकून टाकू. शँपेनही आहे म्हणतो, पण पेले रिकामे निघतात. नोकरानं ती केव्हाच संपवलेली असते. मग रानेव्हस्काया वार्याला आत पाठवते. आणि मग तो थर्मामीटरचा संवाद होतो.

आता लक्षात घ्या, चेखवनं काय केलं. मनातली गोष्ट त्यानं लपवली असं आपण म्हणतो, पण प्रसंगाच्या आधीच्याच मिनिटाला त्यानं ती उघडपणे, मोठ्यानं, तिसऱ्या माणसाच्या तोंडून सांगून टाकलीय. प्रेक्षक प्रश्न हातात घेऊन बसलाय. त्यामुळे वार्या सामानात काहीतरी शोधायला लागते, तेव्हा आपल्याला कळतं की ती काही शोधत नाहीये, तिला उभं राहायला निमित्त हवंय. लोपाखिन विचारतो की आता तू कुठं जाणार, तेव्हा आपण श्वास धरतो, कारण इथून प्रश्नाकडे वळता येईल. ती सांगते की दुसऱ्या एका कुटुंबाकडे घर सांभाळायला. म्हणजे तिनं दार उघडून दिलं. तो त्या गावाचं अंतर सांगतो. दार बंद झालं. हवेबद्दलचं प्रत्येक वाक्य असं एक उघडलेलं किंवा बंद केलेलं दार आहे.

‘सबटेक्स्ट’ हा शब्द आपण इंग्रजीतून घेतो, पण नाटकाच्या संदर्भात तो रूढ झाला तो स्तानिस्लावस्कीमुळे. रशियन शब्द ‘पॉदतेक्स्त’, म्हणजे शब्दांच्या खाली वाहणारा मजकूर. नवीन लिहिणाऱ्यांची गफलत इथं होते. खालचा मजकूर म्हणजे गुळमुळीत बोलणं, अर्धी वाक्यं, खिडकीबाहेर बघणं, असं त्यांना वाटतं. पण खाली काहीतरी वाहत असायला आधी ते ओतावं लागतं. पूर्ण नाटकात चेखवकडे त्यासाठी तीन अंक होते. शॉर्टफिल्मवाल्याकडे वीस सेकंद असतात.

एक सीन लिहून बघू. साधी, आपल्याकडची गोष्ट. वडील गेलेत. गावच्या घरावर भाऊ आणि बहीण दोघांचा हक्क आहे. बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करावी, असं भावाला वाटतंय. बहीण भाऊबीजेला आली होती, आज परत निघालीय. पहिला मसुदा साधारण असा होतो:

दादा: सुमे, तुला माहीतच आहे, बाबा गेल्यापासून घराचा सगळा खर्च मीच करतोय. तू सही केलीस तर मला कर्ज काढून दुरुस्ती करता येईल.
सुमन: म्हणजे आता या घरात माझं काहीच उरणार नाही का, दादा? मी लहानाची मोठी इथंच झाले ना?

यात खोटं काही नाही, पण हे दोघं एकमेकांशी बोलतच नाहीयेत. दोघांनाही ठाऊक असलेली माहिती ते आपल्याला पुरवतायत. ओळखायची खूण सोपी आहे: ‘तुला माहीतच आहे’ हे शब्द आले, की ते वाक्य प्रेक्षकासाठी लिहिलंय असं समजावं.

आता चेखवचा क्रम वापरू. माहिती आधी, तिसऱ्याच्या तोंडून, एका वाक्यात. स्वयंपाकघरात वहिनी चहा गाळता गाळता हळू आवाजात दादाला म्हणते, “आज ती जाणार. सहीचं विचारा.” ती चहाच्या ट्रेमध्ये एक लिफाफा ठेवते, त्यावर पेन. लिफाफ्यातून स्टॅम्पपेपरची हिरवट कड दिसते. ट्रे बाहेर टेबलावर येतो. वहिनी आत जाते. आता दोघंच:

दादा: किती वाजता आहे एसटी?
सुमन: पावणेदहा.
दादा: मग वेळ आहे.
(सुमन लिफाफा बघते. चहा उचलते.)
सुमन: मागच्या दाराची कडी बदललीस?
दादा: हो. जुनी अडकायची.
सुमन: अडकायची नाही. उचलून ढकलायला लागायची.
(शांतता.)
दादा: तुला एक किल्ली करून देऊ?
(सुमन पेन उचलते. वर्तमानपत्राच्या कडेला रेघ ओढून बघते. उमटत नाही.)
दादा: दुसरं आणू?
सुमन: असू दे. एसटी चुकेल.

दोघांचे मिळून तीसेक शब्द. घर, हक्क, वडील, माहेर यातला एकही त्यात नाही. तरी प्रत्येक वाक्याला काम आहे. ‘वेळ आहे’ म्हणजे दादा विषय काढायची तयारी करतोय. कडीबद्दल बोलताना सुमन सांगतेय की हे घर तिला त्याच्यापेक्षा नीट माहीत आहे. किल्ली देऊ का, या प्रश्नात दादाचं प्रेमही आहे आणि अपराधीपणाही. ज्या क्षणी तो घर मागतोय त्याच क्षणी तो घराची किल्ली देऊ करतोय. आणि ‘मग वेळ आहे’पासून सुरू झालेला सीन ‘एसटी चुकेल’वर संपतो, तेव्हा वेळ खरंच संपलेली नाही हे दोघांनाही माहीत असतं.

हा सीन चालतो की नाही, हे तपासायचा एक खात्रीचा उपाय आहे. वहिनीचं वाक्य आणि लिफाफा काढून टाका आणि उरलेला संवाद कुणाला तरी वाचून दाखवा. त्याला तो कडीबद्दलचा वाटला पाहिजे. मग ते दोन्ही परत घालून वाचा. आता त्याला तो घराबद्दलचा वाटला पाहिजे. दोन्ही वेळा घराबद्दलचाच वाटला, तर संवाद जास्त बोलतोय. दोन्ही वेळा कडीबद्दलचाच वाटला, तर पाया कच्चा आहे, आणि अशा वेळी संवादात शब्द वाढवून उपयोग नसतो. दुरुस्ती आधीच्या वीस सेकंदांत करावी लागते.

सिनेमाकडे नाटकापेक्षा एक जास्तीची सोय आहे. थर्मामीटर मोडलाय हे वार्याला बोलावं लागतं, कारण शेवटच्या रांगेतल्या माणसाला तो दिसणार नाही. न उमटणारी रेघ आपण जवळून दाखवू शकतो, म्हणून सुमनला ‘पेन चालत नाही’ म्हणावं लागत नाही. ही सोय किती दूर नेता येते, हे १९८०च्या ‘आक्रोश’मध्ये दिसतं. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला लहान्या तुरुंगात आहे. वकील येतो, विचारतो, पुन्हा विचारतो. लहान्या बोलत नाही, जवळजवळ सबंध सिनेमाभर. तरी तो दोन माणसांचा संवाद आहे, कारण वकिलाचा प्रश्न आपल्याला ऐकू येतो आणि ओम पुरींच्या चेहऱ्यावर तो पोचलेला दिसतो. त्या गप्प राहण्याला कारण आहे, आणि सिनेमा ते हळूहळू आपल्याला दाखवतो.

इथं एक धोका मात्र आहे. शब्द कमी झाले की दिग्दर्शक ती जागा शांततेनं भरू लागतात. खुद्द चेखवचं याबद्दल भांडण होतं. तो हे नाटक कॉमेडी म्हणून लिहीत होता, स्तानिस्लावस्कीनं ते दुःखाचं करून टाकलं. लोपाखिनची भूमिका स्तानिस्लावस्कीनं करावी अशी चेखवची इच्छा होती. त्यानं गायेवची घेतली. प्रयोग सुरू झाल्यावर चेखवनं बायकोला, म्हणजे रानेव्हस्काया करणाऱ्या ओल्गा क्निपरला, पत्रातून तक्रार कळवली: जो अंक फार तर बारा मिनिटांत व्हायला हवा, तो तुमच्याकडे चाळीस मिनिटं चालतो. हा तोच चौथा अंक. माणसं गाडी गाठायच्या घाईत आहेत, म्हणून तर न विचारलेला प्रश्न टोचतो. घाई काढून घेतली की उरतात ती दोन खिन्न माणसं.

म्हणून वरच्या सीनमध्ये ‘शांतता’ एकदाच लिहिलीय, आणि तीही सुमननं दादाची चूक दुरुस्त केल्यानंतर, जिथं त्याला खरोखर उत्तर सुचत नाही. बाकी सगळं नेहमीच्या बोलण्याच्या वेगानं व्हायला हवं. बॅग भरलेली, चप्पल दारात, एसटी पावणेदहाची.

लोपाखिननं का विचारलं नाही, याचं उत्तर चेखवनं दिलेलं नाही. भूदासाच्या नातवाला त्या घरातल्या मुलीसमोर तोंड उघडेना, की त्याचं तिच्यावर प्रेमच नव्हतं, की ज्या घरावर कुऱ्हाड चालवायचीय तिथलं काही सोबत न्यायचं नव्हतं? नट प्रत्येक वेळी यातलं एक निवडतात, आणि संवाद तिन्ही पेलतो. सुमनचंही तसंच ठेवलेलं बरं. ती सही टाळतेय, की पुढच्या खेपेला स्वतःचं पेन घेऊन येणार आहे, हे लिहिणाऱ्यानं स्वतःशी ठरवावं, नटीला सांगावं, आणि कागदावर मात्र एसटी चुकेल एवढंच राहू द्यावं.