डावीकडे झुकलेली रेघ: दोन भाऊ, एक पैज न लावलेलं भाकीत आणि बर्फ

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे निसटले असतील तर इथे निवांत बघा.

बर्फाचा गोळा आपण सगळ्यांनीच खाल्लाय. गोळेवाला किसलेला बर्फ काडीभोवती घेतो, हाताने घट्ट दाबतो आणि त्या भुशाचा एक अखंड गोळा होतो. रवा असा दाबून बघा, हात काढला की सगळा सांडतो. मग बर्फच का चिकटतो? या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये चांगलाच वाद झाला होता. पण तिथे जायच्या आधी एक रेघ समजून घेऊ.

पाण्याचा फेज डायग्राम तुम्ही अकरावी-बारावीत पाहिला असेल. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर दाब. बर्फ आणि पाणी यांच्या मधली जी रेघ असते, तिच्यावर दोघं एकत्र नांदतात. बहुतेक पदार्थांत ही रेघ वर जाताना उजवीकडे झुकते, म्हणजे दाब वाढवला की वितळायला जास्त तापमान लागतं. पाण्याची मात्र डावीकडे झुकते. दाब वाढवा, बर्फ शून्याच्याही खाली वितळतो. आम्हाला शाळेत हे 'पाण्याचा अपवाद' म्हणून पाठ करायला लावलं होतं. खरं तर ही रेघ कोणी प्रयोगात पाहण्याआधीच एकाने कागदावर काढली होती.

त्याचं नाव जेम्स थॉमसन. पेशाने इंजिनिअर. त्याचा धाकटा भाऊ विल्यम ग्लासगोला प्राध्यापक होता, तोच पुढे लॉर्ड केल्विन झाला. दोघांच्याही डोक्यात तेव्हा फ्रेंच इंजिनिअर सादी कार्नो याचा १८२४ सालचा विचार घोळत होता. कार्नो म्हणत होता, उष्णतेपासून काम करून घ्यायचं तर ती गरमकडून थंडकडे 'पडली' पाहिजे, जसं पाणचक्कीला वरून खाली पडणारं पाणी लागतं. तापमानात फरक नाही, तर काम नाही.

आता इथे एक बग सापडला. समजा, एका नळकांड्यात शून्य अंशाचं पाणी आहे, वर दट्ट्या आणि दट्ट्यावर वजन. ते पाणी गोठवलं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, त्यामुळे वजन वर उचललं जातं. वरच्या वर वजन बाजूला काढून ठेवलं आणि बर्फ पुन्हा वितळवला. दट्ट्या खाली आला, सगळं होतं तसं झालं. पाणी शून्यालाच गोठत असेल आणि बर्फ शून्यालाच वितळत असेल, तर तापमानात काहीही फरक नसताना वजन मात्र उचललं गेलं! म्हणजे फुकटचं काम. असं हवं तितक्या वेळा करा.

कार्नोचा नियम खरा आणि पाण्याचं फुगणंही खरं. मग चूक कुठे? जेम्सने बोट ठेवलं ते तिसऱ्याच गोष्टीवर, जी कोणी तपासलीच नव्हती: 'पाणी नेहमी शून्यालाच गोठतं'. वजनाखाली असलेलं पाणी शून्याच्या थोडं खाली गोठत असलं पाहिजे, असं तो म्हणाला. मग त्याला गोठवायला शून्यापेक्षा थंड काहीतरी लागणार, उष्णता वरून खाली पडणार आणि काम फुकट राहणार नाही.

थोडं म्हणजे किती? चला, आजच्या आकड्यांनी हिशोब करू. एक किलो पाणी आणि त्यावर १०० वातावरणांचा जादा दाब घ्या. गोठताना ते साधारण ०.०९ लिटर फुगतं. या दाबाविरुद्ध तेवढं फुगायचं म्हणजे सुमारे ९२० ज्यूल काम. वितळताना तोच एक किलो बर्फ ३,३४,००० ज्यूल उष्णता घेतो. कार्नोच्या नियमाप्रमाणे काम भागिले उष्णता हे प्रमाण, तापमानातला फरक भागिले एकूण तापमान, याच्याइतकंच असतं. एकूण तापमान केल्विनमध्ये २७३. म्हणून फरक = २७३ × ९२० ÷ ३,३४,००० = ०.७५ अंश.

१०० वातावरणांना ०.७५ अंश, म्हणजे एका वातावरणाला ०.००७५ अंश. जेम्सने १८४९ मध्ये एडिनबर्गच्या रॉयल सोसायटीपुढे हाच आकडा मांडला. उष्णता म्हणजे नेमकं काय हेही तेव्हा पक्कं ठरलेलं नव्हतं, तरी!

या रेघेचा उतार आज सूत्रात असा लिहितात:

```
dP/dT = L / (T × ΔV)
```

L म्हणजे वितळायला लागणारी उष्णता, T तापमान, आणि ΔV म्हणजे वितळताना आकारमानात होणारा बदल. L आणि T नेहमी धन. बर्फ वितळताना आकसतो, म्हणून ΔV ऋण आणि रेघ डावीकडे. अपवाद वगैरे काही नाही. नियम सगळ्यांना तोच, फक्त पाण्यात एक चिन्ह उलटं. आणि एक अंश खाली यायला सुमारे १३३ वातावरणं लागतात, म्हणजे रेघ जवळपास उभीच आहे.

भाकीत तपासायचं काम धाकट्या भावाने केलं. अडचण अशी की मोजायचा फरक अंशाच्या शंभराव्या भागात. विल्यमने ईथर भरलेला, अतिशय नाजूक थर्मामीटर वापरला. त्यावर एका फॅरनहाइट अंशाचे सुमारे ७१ भाग होते. दुसरी अडचण म्हणजे दाबाने थर्मामीटरचा फुगाच चेपला जाईल आणि खोटा आकडा दिसेल. म्हणून तो जाड काचेच्या नळीत बंद केला. मग बर्फ आणि पाणी भरलेल्या मजबूत काचेच्या भांड्यात तो ठेवून स्क्रूने दाब वाढवला. ईथरची पातळी खाली आली, दाब सोडल्यावर परत वर गेली. ८.१ वातावरणांना घट ०.१०६ अंश फॅरनहाइट, भावाचं गणित सांगत होतं ०.१०९. १६.८ वातावरणांना ०.२३२, गणित ०.२२७. हे १८५० मध्ये प्रसिद्ध झालं.

आता याच उताराने एक लोकप्रिय गोष्ट तपासू. स्केटिंग करताना ब्लेडच्या दाबाने बर्फ वितळतो, म्हणून माणूस घसरतो, असं कित्येक पुस्तकांत असतं. जॉन जोली याने १८८६ मध्ये हा विचार मांडला होता. ६० किलोचा माणूस एका पायावर उभा, ब्लेडचा टेकलेला भाग समजा ६ चौरस सेंटिमीटर. दाब झाला साधारण १० वातावरणं, म्हणजे वितळणबिंदू ०.०७५ अंशाने खाली. प्रत्यक्ष टेकलेला भाग याच्या दहाव्या हिश्शाइतका धरला तरी पाऊण अंश. बर्फ उणे ५ ला असेल तर यातून काहीच वितळणार नाही. तरी लोक मजेत घसरतात, कारण घर्षणाची ऊब असते, आणि बर्फाच्या पृष्ठभागावर शून्याखालीही एक अतिशय पातळ, पाण्यासारखा थर असतो.

या थराची कल्पना मायकेल फॅरडेची, तीही १८५० सालचीच. ओले बर्फाचे तुकडे एकमेकांना लावले की चिकटतात, ते या थरामुळे, असं तो म्हणायचा. जेम्स थॉमसन म्हणायचा, नाही, टेकलेल्या जागी दाबाने बर्फ वितळतो आणि ते पाणी शेजारी, जिथे दाब नाही तिथे, पुन्हा गोठतं. हाच तो गोळ्याचा वाद.

मग गोळेवाल्याच्या हातात कोण जिंकतं? गाडीवरचा बर्फ वितळत असतो, म्हणजे बरोबर शून्यावर, रेघेच्या अगदी काठावर. तिथे हाताचा थोडा दाबही पुरतो, त्यामुळे जेम्सचं कारण तिथे लागू पडतं. फॅरडेचा थरही तिथे असतोच. पण डीप फ्रीझरमधला उणे १८ अंशाचा बर्फ किसून लगेच दाबून बघा, गोळा नीट बांधला जात नाही. त्याला हाताच्या दाबाने वितळवायचं, तर हातात जवळपास दोन हजार वातावरणांचं बळ पाहिजे.

आणि त्यापुढे ही युक्तीच संपते. सुमारे २०७० वातावरणं आणि उणे २२ अंश, इथे आपला नेहमीचा बर्फ मोडून बर्फ-३ नावाचा वेगळा बर्फ बनतो. तो पाण्यापेक्षा जड, म्हणजे वितळताना फुगणारा. चिन्ह पुन्हा बदललं, आणि रेघ मुकाट्याने उजवीकडे वळते.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर गोळा खाताना एकदा त्या दाबणाऱ्या हाताकडे नीट बघा.